‘के’च्या साखळीत अडकलेला पूर्णविराम

इराणी कोर्टाचा निवाडा हातात घेतला की पहिला पूर्णविराम शोधावा लागतो. वर खटल्याचा क्रमांक, वादी-प्रतिवादींची नावं, मागणी काय ते. त्याखाली ‘गर्दश-ए कार’ म्हणजे खटला कसा कसा चालला त्याची हकिगत, आणि शेवटी ‘राय-ए दादगाह’ म्हणजे कोर्टाचा निर्णय. या शेवटच्या भागात एक वाक्य सुरू होतं ते अर्धं पान उतरलं तरी संपत नाही. मध्ये स्वल्पविराम दिसतात, पण ते टायपिस्टला जिथे श्वास घ्यावासा वाटला तिथे पडलेले असतात. वाक्याला खरं धरून ठेवतो तो एक दोन अक्षरी शब्द, ‘के’.

पुण्यातल्या एक अनुवादिका गेली बरीच वर्षं असले कागद फारशीतून इंग्रजीत आणण्याचं काम करतात. शिकायला पुण्यात आलेल्या इराणी विद्यार्थ्यांमुळे त्यांच्याकडे हे काम आलं. आधी गुणपत्रिका आणि जन्मदाखले, मग लग्नाचे दस्त, मग पुढे परदेशी जाणाऱ्यांचे वारसाचे आणि घरादाराचे खटले. गुणपत्रिकेत वाक्यच नसतं, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. निवाड्यात मात्र एकेक वाक्य सोडवताना सकाळची दुपार होते.

त्यांच्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींचा पहिला समज असा असतो की लांब वाक्य आलं, तर दर ‘के’पाशी तोडायचं आणि तुकड्यांची इंग्रजी वाक्यं करायची. इंग्रजी वाचणाऱ्या वकिलाला आखूड वाक्यं हवी असतात, हे खरंच आहे. पण फारशीतला ‘के’ हा एक शब्द दिसत असला, तरी त्याला कामं अनेक असतात, आणि त्यातली काही कामं अशी की तिथे पूर्णविराम दिला तर कागदाचा अर्थच बदलतो.

मराठी माणसाला ‘के’ ऐकला की आपला ‘की’ आठवतो. ‘गोफ्त के मियायद’, म्हणजे ‘तो म्हणाला की येतो’. इथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. पण ‘मर्दी के दीरूज आमद’ म्हणजे ‘जो माणूस काल आला तो’. इथे मराठीला ‘जो’ लागतो. ‘नशस्ते बूदम के दर जदंद’ म्हणजे ‘मी बसलो होतो, तेवढ्यात दार वाजलं’. इथे ‘तेवढ्यात’. ‘बोरो के दीर शोद’ म्हणजे ‘जा, कारण उशीर झाला’. आणि ‘मन के नगोफ्तम’ म्हणजे ‘मी तर नव्हतं सांगितलं’. एका ‘के’ची जागा मराठीत ‘की’, ‘जो’, ‘तेवढ्यात’, ‘कारण’, ‘तर’ असे पाच शब्द मिळून भरून काढतात.

अनुवादिकांनी कामाची पद्धत यावरच बसवली आहे. कागद छापून घ्यायचा, पेन्सिलीने प्रत्येक ‘के’भोवती गोल करायचा आणि समासात त्याच्यासमोर मराठी शब्द लिहायचा. अनुवाद इंग्रजीत व्हायचा आहे, पण निदान मराठीत होतं. ‘ईनके’, ‘आनके’, ‘मगर ईनके’, ‘बेदून-ए आनके’ असे जोडशब्द असले तर त्यातला ‘के’ वेगळा मोजायचा नाही, पूर्ण शब्दाला गोल करायचा. ‘मगर ईनके’ म्हणजे ‘…खेरीज करून’. तिथे वाक्य तोडलं तर अपवाद सुटून जातो आणि मागे उरतो तो सरसकट नियम.

गोल करून झाले की दुसरी फेरी क्रियापदांची. फारशीत क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखंच. त्यामुळे एका वाक्याच्या पोटात दुसरं आणि त्याच्या पोटात तिसरं असेल, तर कर्ता कुठेतरी वर राहतो आणि त्याचं क्रियापद चार ओळी खाली भेटतं. प्रत्येक ‘के’ला त्याचं क्रियापद जोडून रेघ ओढली की वाक्याची घडण डोळ्यांना दिसते. मराठी वाचणाऱ्याला हे जमतं, कारण शेवटपर्यंत थांबायची सवय त्याला जन्मापासून असते. इंग्रजीला तेवढा दम नसतो. तिला कर्त्यापाठोपाठ क्रियापद लागतं. तोडातोडीची खरी गरज येते ती यामुळे.

आता एक वाक्य जवळून पाहायचं. लोकांच्या खटल्यातलं वाक्य जसंच्या तसं छापता येत नाही, म्हणून हे त्याच धाटणीचं, नावगाव नसलेलं, रचलेलं वाक्य आहे:

‘खाहान इजहार दाश्ते के खानेई रा के पेदरश दर साल-ए 1362 अज खान्दे, के अमू-ए ऊस्त, खरीदे बूद, बे बरादरश इजारे दादे के ऊ नीज आन रा बेदून-ए इत्तेला-ए वेय बे शख्सी वागोजार कर्दे के अकनून हाजेर नीस्त आनजा रा तख्लिये कोनद.’

‘खाहान’ म्हणजे मागणारा, वादी. ‘खान्दे’ म्हणजे ज्याला बोलावलं तो, प्रतिवादी. मराठी कानाला ‘खांदे’ ऐकू येतात आणि शिकाऊ मुली पहिल्या आठवड्यात हसतात. बाकी ‘इजहार’, ‘इत्तेला’, ‘इजारे’ हे शब्द जुन्या मराठी दप्तरात वावरलेल्या माणसाला परके नाहीत. शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं तर असं होतं: वादीने असं सांगितलं आहे की, जे घर वडिलांनी 1362 साली प्रतिवादीकडून, जो काका आहे, विकत घेतलं होतं, ते भावाला भाड्याने दिलं, ज्यानेही ते वादीच्या नकळत एका माणसाला सोपवलं, जो आता ते खाली करायला तयार नाही.

‘के’ पाच आहेत. पहिल्यापुढे समासात ‘की’. दुसऱ्यापुढे ‘जे’. तिसऱ्यापुढेही ‘जो’, पण कंसात ‘जाता जाता’. चौथ्यापुढे ‘आणि मग’. पाचव्यापुढे पुन्हा ‘जो’.

शिकाऊ मुलीने अशा वाक्याचा पहिला मसुदा आणला तो वाचायला अगदी सुरेख होता. तिने घटना कालक्रमाने लावल्या होत्या. वादी सांगतात की त्यांच्या वडिलांनी 1362 साली काकांकडून घर विकत घेतलं. नंतर ते भावाला भाड्याने देण्यात आलं. भावाने ते वादीला न विचारता एका माणसाला दिलं. तो माणूस आता घर सोडत नाही. चार आखूड वाक्यं, कुठेही अडखळायला होत नाही.

“ताई, वकिलाला एका दमात कळेल,” ती म्हणाली.

“कळेल. पण दुसऱ्या वाक्यापासून पुढचं सगळं कोण सांगतंय?”

“वादीच.”

“तुला माहीत आहे, कारण तू फारशी वाचलं आहेस. वकिलाने वाचलेलं नाही. त्याला वाटेल हे कोर्टच सांगतंय.”

या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच, आणि तिला भाषेची चूक म्हणावं असं तिच्यात काही दिसत नाही. फारशी वाक्यात ‘इजहार दाश्ते के’ एकदा आलं की त्याच्या छत्राखाली पुढची सगळी साखळी येते. घर घेतलं, भाड्याने दिलं, सोपवलं, खाली करत नाही, हे सारं वादीचं म्हणणं आहे. इंग्रजीत पहिल्या पूर्णविरामाला ते छत्र मिटतं. दुसरं वाक्य उघड्यावर येतं आणि उघड्यावरचं वाक्य म्हणजे सत्य, असा इंग्रजी कायदेशीर कागदाचा रिवाज आहे. अशा निवाड्यात दोन परिच्छेदांनंतर प्रतिवादी काकांचं म्हणणं येतं, की विक्री पुरी झालीच नव्हती. म्हणजे घर विकत घेतलं गेलं की नाही, हाच वाद आहे. अनुवादातल्या एका पूर्णविरामाने तो वाद वादीच्या बाजूने मिटवून टाकला असता.

मराठीत अशा वेळी ‘म्हणे’ धावून येतो. घर भावाला दिलं म्हणे, त्याने परस्पर दुसऱ्याला दिलं म्हणे. एका शब्दात जबाबदारी बोलणाऱ्यावर ढकलली जाते आणि वाक्य लांबत नाही. फारशीतही त्याची एक खूण आहे. ‘दाश्ते’, ‘दादे’, ‘कर्दे’ ही रूपं ‘अस्त’ गाळून वापरलेली आहेत, आणि या काळाला फारशी व्याकरणात ‘माजी-ए नकली’ म्हणतात. स्वतः न पाहिलेली, दुसऱ्याकडून कळलेली गोष्ट सांगायलाही तो वापरतात. इंग्रजीच्या क्रियापदात तशी सोय नाही. तिथे बोलणाऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं: शी स्टेट्स, शी फर्दर स्टेट्स, अकॉर्डिंग टु हर. वाचायला ते थोडं खडखडतं. साखळी फार लांब असेल, तर अनुवादिका सुरुवातीलाच ‘वादीचं म्हणणं पुढीलप्रमाणे’ असं वाक्य घालतात, खाली क्रमांक देऊन मुद्दे लिहितात, आणि ते म्हणणं जिथे संपतं तिथे क्रमांकही थांबवतात. मग प्रत्येक ओळीत ‘त्या म्हणतात’ लिहावं लागत नाही, आणि कोर्टाचा आवाज कुठून सुरू होतो हे डोळ्यांनाच दिसतं.

मुलीच्या मसुद्यात आणखी एक गोष्ट सरकली होती. मूळ वाक्यात वादी जे ठासून सांगते ते घर भाड्याने दिल्याबद्दल. वडिलांनी घर घेतल्याचा उल्लेख दुसऱ्या ‘के’नंतर येतो, कोणतं घर ते ओळखू यावं म्हणून. कालक्रम लावण्याच्या नादात ओळखीचं वाक्य पुढे आलं आणि मुख्य विधान होऊन बसलं. म्हणून अनुवादिकांनी दुसरा ‘के’ तोडलाच नाही. तिसऱ्याला दोन स्वल्पविरामांत बसवलं. पहिलं इंग्रजी वाक्य असं उतरलं: ‘द प्लेन्टिफ स्टेट्स दॅट शी लीज्ड टु हर ब्रदर द हाउस हर फादर हॅड बॉट फ्रॉम द डिफेन्डंट, हर पॅटर्नल अंकल, इन 1362.’ त्यातला ‘हॅड बॉट’ महत्त्वाचा. तो ‘खरीदे बूद’चा भूतकाळ आहे, भाड्याच्या आधीचा. वाक्याची घडण मूळचीच ठेवली की क्रियापदाचा काळही जसाच्या तसा राहतो. चौथ्या ‘के’पाशी मात्र पूर्णविराम, कारण तिथे नवी घटना सुरू होते. दुसरं वाक्य: त्या पुढे सांगतात की भावाने ते त्यांच्या नकळत एका व्यक्तीच्या हवाली केलं. आणि तिसरं: त्यांच्या म्हणण्यानुसार ती व्यक्ती आता घर खाली करायला तयार नाही. पाच ‘के’, पण पूर्णविराम तीनच, आणि तिन्ही वाक्यांना मालक आहे.

पाचवा ‘के’ तोडता आला, पण दुसरा आला नाही. समासात दोन्हींपुढे ‘जो-जे’ लिहिलेलं असूनही. कारण ‘शख्सी’ म्हणजे कोणी एक माणूस, त्याची ओळख वाचकाला अजून झालेली नाही. पुढे येते ती त्याच्याबद्दलची नवी बातमी, आणि बातमीला स्वतंत्र वाक्य मिळालं तर बिघडत नाही. घराच्या बाबतीत ‘के’ काढला तर ‘एक घर’ उरतं, आणि मालमत्तेच्या खटल्यात ‘एक घर’ हा काही वर्णनाचा प्रकार नव्हे.

या वाक्यात अजून एक जागा आहे जिथे पेन्सिल थांबते. वर मराठी करताना ‘वादी’ पुरुष की बाई हे टाळून लिहिलं होतं. फारशीत ते टाळावं लागत नाही, कारण भाषेत लिंगभेदच नाही. ‘ऊ’ म्हणजे तो किंवा ती. ‘वेय’ हा त्याचा लेखी, भारदस्त भाऊ. ‘पेदरश’ म्हणजे त्याचे किंवा तिचे वडील. साखळी अखंड असेपर्यंत हे चालून जातं. वाक्य तोडलं, की प्रत्येक नव्या इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो, म्हणजे ही किंवा शी लिहावंच लागतं. याचं उत्तर वाक्यात कधीच नसतं, ते पहिल्या पानावर असतं. तिथे वादीच्या नावाआधी ‘खानोम’ असेल तर बाई, ‘आका’ असेल तर पुरुष. नावापुढे ‘फर्जंद-ए’ म्हणजे अमुकचं अपत्य, असं वडिलांचं नावही दिलेलं असतं. भावाच्या नावापुढे तेच वडील दिसले, की ‘बरादरश’ म्हणजे वादीचाच भाऊ, वडिलांचा नव्हे, हे नक्की होतं.

‘अमू-ए ऊस्त’ मधला ‘ऊ’ अधिक अवघड आहे. कोणाचा काका? वादीचा की वादीच्या वडिलांचा? व्याकरणाने दोन्ही बसतं. अशा वेळी पुढचा सगळा निवाडा वाचून मगच या ओळीकडे परत यायचं, असा त्यांचा नेम आहे. पुढे कुठेतरी प्रतिवादीला ‘बरादर-ए मर्हूम’, म्हणजे मयताचा भाऊ म्हटलेलं सापडलं, की प्रश्न सुटतो. नाहीच सापडलं, तर चौकटी कंसात टीप द्यायची, आपल्या मनाने नातं जोडून द्यायचं नाही. नुसतं ‘अंकल’ लिहूनही भागत नाही. ‘अमू’ म्हणजे वडिलांचा भाऊ. मामाला ‘दाई’ असा वेगळा शब्द आहे. मराठी माणसाला हा फरक सांगावा लागत नाही, इंग्रजीला ‘पॅटर्नल’ जोडून सांगावा लागतो, आणि घर वारशाचं असेल तर सांगावाच लागतो.

सालाचंही तसंच. 1362 हे इराणी सौर साल 21 मार्च 1983 ला सुरू झालं आणि पुढच्या मार्चमध्ये संपलं. साल बदलून लिहायचं झालं आणि मूळ कागदात महिना नसेल, तर इंग्रजीत 1983-84 असंच लिहावं लागतं. एकच आकडा लिहिला तर तो अनुवादकाने घातलेला तपशील होतो.

कोणता ‘के’ ओळख पटवतो आणि कोणता जाता जाता माहिती देतो, हे कळायला फारशीत एक चांगली खूण आहे. ओळख पटवणाऱ्या ‘के’च्या आधीच्या नामाला शेवटी ‘ई’ लागते. ‘मर्द’चं ‘मर्दी के’, ‘खाने’चं ‘खानेई के’. ‘खान्दे, के अमू-ए ऊस्त’ यात ती नाही, म्हणून ती माहिती वरची. शाळेच्या व्याकरणात एवढंच शिकवतात, आणि साध्या वाक्यात ते पुरतंही. मात्र खूण हरवते ती नेमकी कायद्याच्या भाषेत. ज्या शब्दाच्या शेवटी मुळातच ‘ई’ आहे, जसं ‘काजी’, तिथे लिहिणाऱ्याने जादा ‘ई’ लावली नाही तर दिसत नाही. आणि नामाला ‘खोद’ म्हणजे ‘स्वतःचा’ जोडलेला असेल, तर ही ‘ई’ लागतच नाही.

त्याचं खरंखुरं उदाहरण प्रत्येक इराणी लग्नाच्या दस्तात आहे. छापील दस्तात काही अटी आधीच लिहिलेल्या असतात आणि नवरा-बायको त्याखाली सह्या करतात. त्यातली एक मालमत्तेची. घटस्फोट बायकोच्या मागणीवरून नसेल, आणि नवऱ्याने मागितलेल्या घटस्फोटाला तिचा दोष कारण नाही असं कोर्टाला दिसलं, तर नवऱ्याने आपल्या हातात असलेल्या मालमत्तेपैकी, ‘के’ जी त्याने संसाराच्या काळात मिळवली, निम्म्यापर्यंतचा हिस्सा किंवा तेवढ्या किमतीचं काही मोबदला न घेता बायकोच्या नावे करायचं. ही सगळी अट एकाच वाक्यात आहे. आणि त्यातल्या ‘के’आधी ‘खोद’ आहे, म्हणून ‘ई’ची खूण नाही.

इथे ‘के’ तोडला तर काय होतं पाहा. नवऱ्याने आपल्या मालमत्तेच्या निम्म्यापर्यंत हिस्सा द्यावा, पूर्णविराम. ती मालमत्ता त्याने संसारात मिळवली. पहिल्या वाक्यात सगळी मालमत्ता आली, लग्नाआधीची आणि वडिलोपार्जितही. दुसरं वाक्य हे आता फक्त एक विधान राहिलं, अट राहिली नाही. मूळ वाक्यातला ‘के’ मालमत्तेला कुंपण घालतो, आणि ते कुंपण अक्षरात दिसत नाही, अर्थातूनच काढावं लागतं. शिवाय आधीच्या दोन अटी, घटस्फोट कोणी मागितला आणि दोष कोणाचा, याही वाक्याच्या पोटात आहेत. अनुवादिका या कलमाचं इंग्रजी वाक्य एकच ठेवतात. वाचायला सोपं व्हावं म्हणून त्या अटींना अ, ब अशी अक्षरं देऊन खाली खाली लिहितात, पण पूर्णविराम शेवटी एकच.

वाक्य लहान केलं की ते सोपं होतं, असं धरून चालणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटवायला वेळ लागतो. एका विद्यार्थ्याने आपल्या आईवडिलांच्या दस्ताचा अनुवाद हातात घेऊन विचारलं होतं, “खानोम, हे एवढं लांब का? बाकी सगळं तर आखूड केलंत.” त्यांनी त्याला मूळ दस्तातल्या ‘के’वर बोट ठेवून तेवढा भाग झाकायला सांगितला आणि उरलेलं मोठ्याने वाचायला लावलं. फारशी त्याची मातृभाषा. अर्धं वाचून तो थांबला आणि म्हणाला, “अस्सं. मग आजोबांची जमीनही गेली.”

तोडायला मोकळीक असते ती कारणांच्या साखळीत. निर्णयाच्या भागात कोर्ट ‘नजर बे ईनके’ने सुरुवात करतं, म्हणजे ‘ज्या अर्थी’. मग ‘व ईनके’, पुन्हा ‘व ईनके’. साक्षीदारांनी असं सांगितलं, तज्ज्ञाचा अहवाल असा आला, प्रतिवादीने पुरावा दिला नाही. सगळ्यात शेवटी ‘लेजा’, म्हणजे ‘त्या अर्थी’, आणि मग हुकूम. आपल्याकडच्या सरकारी अधिसूचनेत ‘ज्या अर्थी… त्या अर्थी’ वाचलेल्याला ही चाल ओळखीची आहे. इथले ‘के’ ओळख पटवत नाहीत की कोणाचं म्हणणं झाकत नाहीत. ते कारणं मोजतात. म्हणून प्रत्येक कारणाचं स्वतंत्र वाक्य करता येतं. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. सुरुवातीला ‘न्यायालयाने पुढील बाबी विचारात घेतल्या’ असं सांगायचं, नाही तर ती सुटी विधानं वाटतात. आणि ‘लेजा’चं ‘देअरफोर’ कधी गाळायचं नाही, कारण कारणं आणि हुकूम यांच्यामध्ये आता तेवढाच एक दुवा उरलेला असतो.

यातही एक मेख आहे. ‘व ईनके’च्या रांगेत मध्येच एखाद्या कारणाच्या पोटात दुसऱ्याचं म्हणणं असतं. ‘व ईनके’ साक्षीदाराने सांगितलं ‘के’ त्याने भाडं दिलेलं पाहिलं. कोर्टाने विचारात काय घेतलं, तर साक्षीदाराने तसं सांगितलं हे. भाडं दिलं गेलं, हे नव्हे. एका ओळीत दोन ‘के’, पहिल्याला पूर्णविराम चालतो, दुसऱ्याला चालत नाही.

हुकमानंतरचं वाक्य मात्र नेहमी आखूड आणि बिन‘के’चं. निवाडा समक्ष दिला आहे आणि बजावल्यापासून वीस दिवसांच्या मुदतीत प्रांताच्या अपील न्यायालयात त्याला आव्हान देता येईल. इराणबाहेर राहणाऱ्याला कायद्याने ही मुदत दोन महिने. त्यातला ‘मोद्दत’ हा शब्द तर आपणही ‘मुदत’ म्हणून रोजच वापरतो.

कोर्टाचे कागद नसतात तेव्हा अनुवादिका कथा वाचतात, आणि तिथे त्यांची पेन्सिल फारशी चालत नाही. सादेक हेदायत यांची ‘बूफ-ए कूर’ ही कादंबरी 1936 साली मुंबईत हस्तलिखितावरून मोजक्या प्रती काढून पहिल्यांदा प्रसिद्ध झाली, आणि ती इराणमध्ये विकायची नाही असं त्यावर लिहिलं होतं. तिच्या पहिल्याच वाक्यात नाम, मग ‘हस्त’ हे क्रियापद आणि मग ‘के’ आहे. नाम आणि त्याचा ‘के’ यांच्यात क्रियापद येऊन बसण्याची ही फारशीची नेहमीची लकब. निवाड्यात अशा जागी त्या विचार न करता वाक्य तोडतील. कादंबरीत बोलणारा माणूस जर एका श्वासात बोलत असेल, तर त्याचा श्वास तोडण्याचा अधिकार अनुवादकाला नाही, असं त्यांचं मत आहे. ‘नशस्ते बूदम के’सारखं वाक्य आलं तर त्याहूनही जपावं लागतं. मी बसलो होतो, पूर्णविराम, दार वाजलं, असं इंग्रजीत केलं तर दचकणं निघून जातं. खरी बातमी ‘के’नंतर आहे, आणि वाचकाला ती अचानक भेटायला हवी. तिथे इंग्रजीला ‘व्हेन’ लागतो आणि वाक्य सलग.

त्यांच्या टेबलावर माधव पटवर्धनांचा 1925 सालचा फारशी-मराठी कोश आहे, त्याच्याशेजारी स्टाइनगासचा फारशी-इंग्रजी कोश. शब्द अडला तर दोन्ही उघडले जातात. ‘के’ अडला तर मात्र कोश उघडून उपयोग नसतो. तो कोणतं काम करतो आहे हे आधीच्या नामावरून, पुढच्या क्रियापदावरून आणि कागदाच्या बाकीच्या पानांवरूनच ठरवावं लागतं.

म्हणून फारशी कागद अनुवादाला देणाऱ्यांना त्यांची एक विनंती असते, आणि ती इथे नोंदवायला हवी. पैसे वाचवायला नुसतं निर्णयाचं पान पाठवू नका. नावांचं पहिलं पान, मधली हकिगत आणि मागचे शिक्के, सगळं पाठवा. पहिल्या पानाशिवाय ही की शी हे कळत नाही, आणि हकिगतीशिवाय कोणाचा काका ते कळत नाही. अनुवाद हातात आला की त्यातलं प्रत्येक वाक्य बोटाने दाखवत विचारा, ‘हे कोण म्हणतंय?’ उत्तर त्याच वाक्यात किंवा लगतच्या मथळ्यात सापडलं नाही, तर कागद परत पाठवा. दुरुस्ती सही-शिक्क्याच्या आधी होते, नंतर नव्याने प्रमाणित प्रत काढावी लागते.